खरेदीनंतर भाव उतरला, तर फरक मिळतो का?

वस्तू घरी येते, आणि आठ-दहा दिवसांत तीच वस्तू दुकानात स्वस्त झालेली दिसते. मग घरात एकच प्रश्न निघतो: दुकानदाराकडे फरक मागता येईल का? 2025 च्या सप्टेंबरात हा प्रश्न पुण्यात अनेक घरांत विचारला गेला. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर कमी केल्याचे जाहीर केले आणि नवे दर 22 सप्टेंबरपासून लागू झाले. एअर कंडिशनर आणि 32 इंचांहून मोठे टीव्ही यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मोबाइल, फ्रिज आणि वॉशिंग मशीन मात्र आधीपासूनच 18 टक्क्यांत होते, त्यामुळे त्यांच्या करात काही फरक पडला नाही.

आपण एक हिशेब मांडू. समजा, कोंढव्यातल्या एका कुटुंबाने तपकीर गल्लीतल्या दुकानातून एसी घेतला. कराआधीची किंमत 30,000 रुपये. जुन्या दराने कर 8,400 आणि एकूण बिल 38,400. नव्या दराने कर 5,400 आणि बिल 35,400. म्हणजे प्रश्न तीन हजार रुपयांचा आहे.

हे तीन हजार कोणाला मिळतील, हे तीन तारखांवर ठरते: माल ताब्यात दिल्याची तारीख, बिलाची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 14 चा सोपा अर्थ असा की, या तिघांपैकी दोन तारखा दर बदलण्याच्या ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर लागतो.

आता हाच नियम आपल्या कुटुंबाला लावून पाहू. 15 सप्टेंबरला आगाऊ पैसे भरले, पण बिल आणि एसी दोन्ही 24 तारखेला मिळाले. दोन तारखा नंतरच्या आहेत, म्हणून 18 टक्के. इथे दुकानदार “पैसे जुन्या दराने घेतले होते” असे म्हणाला, तरी ते चालणार नाही; फरक मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण पैसे आणि बिल दोन्ही 20 तारखेचे आणि फक्त एसी 24 ला घरी आला, तर 28 टक्केच. तो कर दुकानदाराला सरकारकडे भरावाच लागतो, तेव्हा तो खिशातून फरक देणार नाही, आणि त्यात त्याची लबाडी नाही. माल हाती येण्याआधी सौदा रद्द करून नवे बिल करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य करणे त्याच्या मर्जीवर आहे. आपल्याकडे यालाच इकाला म्हणतात. तो दोघांच्या राजीखुशीनेच होतो.

आपल्याला कोणता दर लागला, हे बिलावरच दिसते. महाराष्ट्रातल्या दुकानाच्या बिलावर CGST 9 आणि SGST 9 टक्के असेल, तर नवा दर. 14 आणि 14 असेल, तर जुना. परराज्यातून आलेल्या मालावर एकच IGST असतो. त्याचबरोबर कराआधीची किंमतही पाहावी. कर उतरला आणि मूळ किंमत तेवढीच चढवली, तर बिलाचा आकडा हलत नाही.

कर सोडून भाव उतरला, म्हणजे सणाची सूट लागली किंवा नवे मॉडेल आले, तर गोष्ट वेगळी. ठरलेल्या भावात सौदा पुरा झाला, आणि नंतरच्या उताराची जबाबदारी कायदा विक्रेत्यावर टाकत नाही. वस्तू सदोष असेल, तर ती परत न घेणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. पण महाग पडली हा वस्तूचा दोष नव्हे. फक्त दुकानाने बिलावर किंवा जाहिरातीत “भाव उतरल्यास फरक परत” असे लिहिले असेल, तर ते पाळावे लागते. कूपनचेही तसेच आहे. त्याच्या अटी, मुदत आणि किमान रक्कम पुरी होऊनही सूट लागत नसेल, तर पैसे भरण्याआधीच थांबावे आणि अटींचा व एकूण रकमेचा फोटो ठेवावा. पैसे गेल्यावर पुरावा गोळा करणे अवघड जाते.

हक्क असूनही दुकानदार ऐकत नसेल, तर आधी लेखी अर्ज द्यावा. अर्जात तिन्ही तारखा, बिल क्रमांक आणि फरकाची रक्कम लिहावी. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवावी. तिथेही काम झाले नाही, तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मात्र तीन हजारांसाठी किती हेलपाटे घालायचे, हे आधी घरात बसून ठरवावे. बिल आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवली असेल, तर बहुतेक वेळा दुकानातच निकाल लागतो.