दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

१/७
पनवेल–रोहा लोहमार्गावर, पेणच्या अलीकडे जिते हे लहान स्थानक लागते. युनिकोडमध्ये हे नाव उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते: ज, ि, त, े. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते. पण साठवणीत ती ‘ज’च्या मागे उभी असते.

२/७
‘कृतिदेव ०१०’ या जुन्या फाँटमध्ये हेच नाव असे साठते:

```
ftrs
```

f म्हणजे वेलांटी, t म्हणजे ज, r म्हणजे त, s म्हणजे मात्रा. संगणकाच्या लेखी ही रोमन अक्षरेच आहेत. फाँटने त्यांना केवळ देवनागरी वेष चढवला आहे. फाँट काढला की जिते नाहीसे होते.

३/७
हा खटाटोप का? पेजमेकरची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड देवनागरी जुळवता येत नाही. अशा फाँटमध्ये जागा जास्तीत जास्त २५६. म्हणून अक्षरांचे तुकडे पाडून ते दिसतील त्या क्रमाने मांडले गेले. ज्या छापखान्यात आजही पेजमेकर चालतो, तेथे आपला मजकूर याच साच्यात उतरवावा लागतो.

४/७
रूपांतर म्हणजे केवळ अक्षरास अक्षर बदलणे नव्हे. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी संपूर्ण ‘स्थ’च्या आधी न्यावी लागते. ‘कीर्ती’तला रफार ‘ती’च्या वेलांटीनंतर ठेवावा लागतो. हे क्रम चुकले तर शब्द विद्रूप दिसतो आणि मुद्रितशोधक तो लगेच पकडतो.

५/७
खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा. ‘दऱ्या’ हा शब्द काही कळफलक ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (U+200D) अशा क्रमाने लिहितात. रूपांतरकाने ते चिन्ह निरुपयोगी समजून गाळले, की उरतो ‘दर्या’. सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि शब्द निर्दोष दिसत राहतो! ‘आचाऱ्यास’ दिलेले वेतन ‘आचार्यास’ दिले जाते. स्वयंपाक्याचा गुरू होतो.

६/७
उपाय साधा आहे. रूपांतरित मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ प्रतीशी शब्दशः ताडून पाहावा. हरवलेले ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तेथे उघडे पडतात. मात्र जाण्याच्या आणि येण्याच्या तक्त्यांत एकच चूक असेल, तर ही ताडणीही फसते. म्हणून असे शब्द छापील मुद्रितातही डोळ्यांनी तपासावेत.

७/७
‘कागदावर नीट उमटले, मग झाले,’ असे म्हणणे मला मान्य नाही. ग्रंथाची पुढची आवृत्ती, सूची आणि शोध हे सारे साठवलेल्या प्रतीवर उभे राहते. ftrs असे साठवलेल्या पुस्तकात ‘जिते’ शोधणाऱ्या अभ्यासकाला ते गाव सापडणार नाही. म्हणून छापखान्याला हवी ती प्रत खुशाल द्यावी. पण मुद्रितावरच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद युनिकोड प्रतीत करावी आणि मूळ संहिता म्हणून तीच जपावी.