डाव्या हाताचा चेंडू

उन्हाळ्यात चार दिवस पारनेरला भावाकडे गेले होते. गावाबाहेर त्याचं थोडं रान आहे. कांदा काढून झाला होता, त्यामुळे सगळं मोकळं पडलं होतं. असरनंतर ऊन उतरलं की आम्ही सगळे तिकडे जायचो. भाऊ पाइप बघायचा, भाभी शेळीसाठी पाला गोळा करायची आणि दहा वर्षांचा भाचा टेनिसचा चेंडू घेऊन एकटाच ढेकळांवर मारत बसायचा. त्याची बहीण बारा वर्षांची. ती माझ्याशेजारी बांधावर बसलेली, ओढणी सावरत.

वर्षभरापूर्वी हीच पोरगी गल्लीत लगोरी खेळताना मी पाहिली होती. मी भाभीला विचारलं, "हिचं खेळणं कधी बंद झालं?" भाभीला सांगताच येईना. कुणी बंद केलंच नव्हतं. एकदा नुसतं "ओढणी घे" म्हटलं, एकदा शेजारच्या खालांनी "आता मोठी झाली ना?" असं विचारलं, आणि पाळी सुरू झाल्यावर महिन्यातले पाच दिवस घरात बसायची सवय लागली. त्या पाच दिवसांचे तीस कधी झाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बहुतेक घरांत हे असंच होतं. फर्मान निघत नाही, म्हणून त्याविरुद्ध बोलायलाही जागा राहत नाही.

मी तिला चेंडू फेकायला लावला. पावलांनी मोजलं, अकरा पावलं गेला. भावाचा गेला चोवीस पावलं. तो हसला, ती परत बांधाकडे निघाली. मी तिला थांबवून दोघांनाही डाव्या हातानं फेकायला सांगितलं. त्याचा गेला नऊ पावलं, तिचा आठ. आता दोघंही हसले, कारण त्याचा फेकतानाचा अवतार हुबेहूब तिच्यासारखा झाला होता.

ही माझी युक्ती नव्हे. अमेरिकेत लहान मुलामुलींवर असाच एक अभ्यास झाला होता, 1996 साली तो प्रसिद्ध झाला. नेहमीच्या हातानं फेकताना मुलगे खूप पुढे होते, पण दुसऱ्या हातानं फेकताना मुलगे आणि मुली यांच्यातलं अंतर बरंच कमी झालं. दुसरा हात कुणीच सरावात आणलेला नसतो. त्यामुळे उजव्या हाताच्या फरकात शरीर किती आणि सराव किती, याचा थोडा अंदाज येतो. वयात आल्यावर मुलांचे खांदे आणि दंड भरतात, तेव्हा फरक वाढतो हे खरं आहे. पण दहा-बारा वर्षांच्या पोरांत तेवढ्यावरून अकरा आणि चोवीस होत नाहीत.

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती समोर तोंड करून, पाय जवळ ठेवून उभी राहायची. कोपर कानाजवळ आणि फक्त मनगटानं ढकलायची. भाचा आडवा उभा राहायचा, हात पार मागे न्यायचा, डावं पाऊल लांब टाकायचा, आधी कंबर फिरायची, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी हात. तिची कंबर फिरतच नव्हती. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिचा डावा हात छातीवर होता, ओढणी धरलेला. एक हात कायम ओढणीवर असेल तर अंग वळणार कसं? आणि कुर्त्याची चीर एवढी आखूड की पाऊल वीतभरच पडायचं.

ओढणी तिला टाकून द्यायची नव्हती. मीही तसं म्हटलं नाही. खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारली, डोक्याला छोटा रुमाल मागे बांधला, घेरदार कुर्ता घातला आणि चपलेऐवजी शाळेचे बूट. दोन्ही हात मोकळे झाले. आडवं उभं राहायचं, डावा खांदा लक्ष्याकडे, लांब पाऊल, मग कंबर. तिसऱ्या दिवशी चेंडू पंधरा पावलांवर गेला. त्याच संध्याकाळी धावताना ती ढेकळात पडली, तळवे खरचटले. रडली नाही, पण बराच वेळ तळहाताकडेच बघत बसली. पडलं तरी काही होत नाही, हे अंगाला एकदा कळावं लागतं. लहानपणी दहा वेळा पडलेल्या पोराला ते आपोआप कळतं. जिला पडूच दिलं नाही ती पुढे स्कूटी शिकताना, गर्दीतून एसटीत चढताना, नाल्यावरून उडी मारताना आधी थबकते. आपण म्हणतो पोरगी भित्री आहे. आणखी एक, हाडं. मुलींच्या हाडांची बहुतेक भर अठराव्या वर्षापर्यंत होते, आणि हाड धावण्या-उड्या मारण्याच्या धक्क्यानं घट्ट होतं. नेमकी हीच वर्षं आपण त्यांना बसवून ठेवतो. पाळीच्या दिवसांतही चालण्या-खेळण्यात अपाय नाही. पुष्कळ जणींचं दुखणं उलट कमी होतं. फार रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवावं, खेळाला दोष देऊ नये.

भाभी ऐकत होती. मग म्हणाली, "आपा, फेकू दे, पण कुठे? इथे आपलं रान आहे म्हणून. गावात मैदानावर सगळी पोरंच असतात." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मैदान बंद नसतं, पण तिथे मुलीला उभं राहायला जागाच नसते.

मुंब्र्याच्या मुलींपुढे हीच अडचण होती. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं तिथे राहायला गेली. 2012 च्या सुमारास सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'परचम' या संस्थेनं तिथल्या मुलींसाठी फुटबॉल सुरू केला. काही मुली घरी न सांगताच येत होत्या. खेळायची जागा मिळेना. तेव्हा मुलींनीच दारोदार जाऊन सह्या गोळा केल्या. मागणी एवढीच होती की मुलींसाठी मैदान राखून ठेवा. सह्यांचं निवेदन आमदारांकडे गेलं आणि जागेचा प्रश्न पुढे सरकला. मला त्यातली सह्यांची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ज्या शेजारणीच्या बोलण्याची भीती, तिच्याच दारात जाऊन तिचीच सही मागायची. सही केल्यावर ती बोलणार काय?

दीनचा प्रश्न येतोच. भावानंही काढला. मी त्याला हजरत आयेशांच्या शर्यतीची आठवण दिली. सफरमध्ये त्या आणि रसूलुल्लाह (स.) एकमेकांबरोबर धावले, पहिल्या वेळी त्या जिंकल्या, पुढे एकदा ते. अबू दाऊदमध्ये ही रिवायत आहे. भाऊ म्हणाला, "हे मलाही माहीत आहे, पण तेव्हा बघायला गल्ली नव्हती." मग कपड्यांचं बोलणं निघालं. फुटबॉलमध्ये डोकं झाकून खेळायला जागतिक संघटनेनं 2014 मध्ये रीतसर परवानगी दिली, बास्केटबॉलमध्ये 2017 मध्ये. म्हणजे ओढणी आणि खेळ यांचा तंटा आता नियमांच्या बाजूनं तरी मिटला आहे. उरलाय तो गल्लीचा.

निघताना ठरलं ते असं. असर ते मगरिब, आठवड्यातून चार दिवस, भाभी सोबत. शेजारच्या खालांची नातही येणार. तिला विचारायला भाभी स्वतः गेली. खाला आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बूट नाहीत तिच्याकडे."

परवा भावाचा फोन आला. चेंडू एकोणीस पावलं जातोय, आणि दोघी पोरी आता भाच्याला खेळायला घेतच नाहीत. पण पाऊस झाला की रानात बाजरी पेरायची आहे, तेव्हा जागा जाणार. भाभीनं मागून ओरडून विचारलं, "आपा, मुंब्र्यात त्या सह्या कागदावर घेतल्या की वहीत?"