‘कथा चालना?’ याला उत्तर काय द्यायचं



भात-नाचणीची कामं उरकली की आपल्या पाड्यांतली पोरं चाकणला उतरतात. कंत्राटदाराचा माणूस नावं लिहून घेतो, सहा-सात जण मिळून एक खोली घेतात, आणि मग कंपनीच्या गेटावर त्यांची गाठ सगळ्या महाराष्ट्राशी पडते. पिंपरीत 1954 साली औषधांचा सरकारी कारखाना झाला, 1962 ला एमआयडीसी आली. तेव्हापासून हा पट्टा बाहेरून आलेल्या माणसांच्या जिवावरच उभा आहे. धुळे-जळगावचे, लातूर-बीडचे, अकोला-यवतमाळचे. राम राम सगळ्यांचा सारखाच, पण त्याच्या पुढचा शब्द ज्याचा त्याचा वेगळा. त्या पुढच्या शब्दाला आपली पोरं काय उत्तर देतात, त्यावर आज लिहायचंय. कारण मागच्या खेपेला त्यांच्या खोलीवर जे ऐकलं ते आम्हाला बरं वाटलं नाही.

झालं असं. यांच्याच लाइनीवर धुळ्याकडचा एक वयस्कर कामगार आहे. पहिल्या पाळीला बसमधून उतरला की समोर दिसेल त्याला विचारायचा, “कथा चालना भाऊ?” आपल्या एका पोरानं पहिल्याच दिवशी उत्तर दिलं, “कथा नाही काका, कीर्तन हाय.” सगळे हसले. काकाही हसला. दुपारच्या सुट्टीत त्यानं डबा उघडता उघडता विचारलं, “जेवना का?” तर दुसरा म्हणाला, “जेवतो ना, वाढा की!” पुन्हा हशा. आठ दिवसांत त्याचं नावच ‘कीर्तनकार’ पडलं. पंधरा दिवसांनी काका आपल्या पोरांशी हिंदीत बोलायला लागला. “खाना हुआ क्या,” एवढंच. पुढं तेही थांबलं.

पोरं म्हणतात, आम्ही काय वाईट बोललो? नुसती गंमत केली. आम्ही विचारलं, मग मराठी माणूस मराठी माणसाशी हिंदीत का बोलायला लागला? कुणी काही बोललं नाही.

गंमत कुठं संपली हे ओळखायची खूण तीच आहे. समोरचा हसून पुन्हा आपल्याच बोलीत बोलतोय, तर ती गंमत. तो बोली बदलतो, वाक्य तोडून टाकतो, किंवा आधी दुसऱ्या कुणाला बोलू देतो, तर त्याला लागलेलं आहे. तो पहिल्यांदा हसला होता याला काही अर्थ नाही. परक्या गावात माणूस पहिल्यांदा हसतोच.

आता त्याचं बोलणं बघा. अहिराणीत ‘कथा’ म्हणजे कुठं. ‘चालना’ म्हणजे चाललास, ‘जेवना’ म्हणजे जेवलास, ‘उना’ म्हणजे आला. आपण जिथं ‘ला’ लावतो तिथं ते ‘ना’ लावतात. आपल्या कानाला ते ‘जेव ना’ असं आग्रहाचं वाटतं, म्हणून हसू येतं. त्यात मोडकं काही नाही, नियमानं चालणारी बोली आहे. जनगणनेत खानदेशी मराठीत न धरता वेगळी मोजतात. आणि शंभर वर्षांपूर्वी ग्रिअर्सन साहेबानं देशातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा खानदेशी कुठं ठेवली? भिल्लांच्या बोलींच्या खंडात. म्हणजे आमच्या आदिवासी पोरानं जिची टिंगल केली ती बोली पुस्तकात आदिवासी बोलींच्या पंगतीला बसलेली आहे!

उत्तर काय द्यायचं, तर सोपं. आपल्या बोलीत द्यायचं. “कामावर चाललो काका, तुमचं कसं काय?” झालं. त्याला खरंच कुठं जातो ते कळून घ्यायचं नसतं. आपल्याकडं पाणवठ्यावर बाई विचारते, “कुठं निघालीस?” तेव्हा तिला कुठं गावाचं नाव हवं असतं! तू मला दिसलास, एवढंच ती सांगते. त्याला परत अहिराणीत ‘शे’ लावून बोलायची गरज नाही. चार दिवसांच्या ओळखीत त्याची बोली तोंडात घेतली तर ती नक्कलच वाटते, मनात काही नसलं तरी. वर्षभर एका खोलीत राहिल्यावर येईल ती आपसूक येईल. आणि शब्द कळला नाही तर सरळ विचारावं, “काका, कथा म्हणजे?” असं विचारल्यानं कुणी दुखावत नाही. तोच शब्द आवाज चढवून चार माणसांपुढं परत म्हटला की दुखावतं.

उलटंही होतं. नागपूरकडचा पोरगा “काय बे, जेवला का?” म्हणाला म्हणून आपला एक जण त्याच्या अंगावर गेला. तिकडं बरोबरीच्या दोस्तांत ‘बे’ सहज चालतं. “जेवलो, तू?” एवढं उत्तर पुरे होतं. जड वाटलं तर एकट्याला गाठून सांगावं, “आमच्याकडं हा शब्द लागतो.” सुपरवायझर कामगाराला ‘बे’ करतो ती गोष्ट निराळी, तिथं बोलीचा प्रश्न नसतो.

खरं तर चाकण-खेडच्या जुन्या गावकऱ्यांनाही पुण्यात ‘आलो व्हतो’वरून हसत आले. आता त्यांची नातवंडं लातूरवाल्याच्या ‘कुठं चाललाव?’ला हसतात. आणि आपली पोरं त्यांच्यात उभी राहून हसतात, म्हणजे मग आपल्या बोलण्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. हे आम्हाला कळतं, पण पटत नाही.

कारण हे हसू एसटीत बसून गावाला येतं. शिमग्याला आलेला एक जण स्वतःच्या आजीला म्हणाला, “आज्ये, नीट बोल की.” म्हातारी गप झाली.

इथं आमचीही चूक कबूल करतो. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांत 13 वा नियम आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तर तो पुरावा धरला जातो. आम्ही लिहायला बसलो. म्हातारा म्हणाला, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीपासून बाप तिथं राब भाजायचा. आमच्यातला शिकलेला पोरगा म्हणाला, “बाबा, राब नाही, रोपवाटिका म्हणा.” आणि कागदावर रोपवाटिकाच लिहिली. रोपवाटिका कुणाचीही, कुठंही असते. राब भाजायला भोवतालच्या झाडांच्या डहाळ्या तोडाव्या लागतात, पाला अंथरावा लागतो. त्या एका शब्दात ती जागा, ती झाडं आणि बापाचा वावर तिन्ही होतं. कायद्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो, आणि आम्ही जुना शब्द पुसून नवा लिहिला! म्हातारा त्यापुढं फक्त ‘हां, हां’ म्हणत राहिला.

आता आम्ही ठरवलंय. समितीच्या बैठकीत म्हातारं माणूस आलं की पहिला राम राम तरुणानं घालायचा, ते ज्या बोलीत पुढं बोलतील ते मधे न तोडता ऐकायचं, आणि जबाब त्यांच्याच शब्दांत उतरवायचा. ओढा, माळ, देवाची जागा, सगळ्यांची नावं ते म्हणतील तशीच. साहेबाला कळणार नाही असं वाटलं तर खाली वेगळ्या ओळीत अर्थ लिहायचा. अंगठा देण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं.

चाकणच्या पोरांनाही निरोप धाडलाय. त्यातला एक परवा म्हणाला, काका अजून हिंदीतच बोलतो. आम्ही म्हटलं, उद्या सकाळी बसपाशी तूच आधी राम राम घाल, आपल्या बोलीत. लगेच बोलेल असं नाही. चार-आठ दिवस घाल.