पत्रिकेचा फोटो आला म्हणून लगेच ऑर्डर लिहू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत लग्नपत्रिका कॅमेऱ्यासमोर धरून वाचली, पण वेळेअभावी बरंच राहून गेलं. ते इथे सविस्तर लिहितो. डेकोरेशन, केटरिंग, मेहंदी, फोटोग्राफी, बँड, फुलं यांपैकी काहीही सुरू करत असाल तर तुमची निम्मी बुकिंग एका व्हॉट्सॲप फोटोने सुरू होणार आहे. पत्रिकेचा फोटो, खाली एक ओळ: "दादा, पत्रिका पाठवली आहे, बघून घ्या." आणि आपण डायरी उघडून तारीख लिहून टाकतो.

माझं मत असं की त्या फोटोतली तारीख, जागा आणि वेळ तोपर्यंत फक्त मजकूर असतो. तारीख, वार आणि तिथी एकमेकांशी जुळवून बघितल्याशिवाय आणि प्रत्येक विधीसमोर घड्याळाची तारीख लिहिल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊच नये. "पत्रिका ग्राहकानेच पाठवली, चूक झाली तर जबाबदारी त्याची" असं म्हणणारे मला भेटतात. लग्नाचा हार दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. जबाबदारी कुणाची हा वाद जिंकून हातात काय पडतं?

आमचं फुलांचं आणि डेकोरेशनचं काम नागपुरात. इथे घराघरांत मराठी-हिंदी सोयरिकी होतात, त्यामुळे पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी हिंदी आणि रिसेप्शनचं कार्ड इंग्रजीत हा नेहमीचा प्रकार. आमच्याकडे येतात तशीच एक नमुन्याची पत्रिका घेऊ. मराठी बाजूला छापलंय: "वैशाख वद्य ४, शके १९४७, शुक्रवार दि. १६ मे २०२५". हिंदी बाजूला: "ज्येष्ठ कृष्ण ४, संवत् २०८२, शुक्रवार", आणि पुढची तारीख सोनेरी फॉइलमध्ये. फ्लॅश पडल्यामुळे फोटोत ती नुसती चकाकते आहे.

समजा ग्राहकाने फक्त हिंदी पानाचा फोटो पाठवला. तारीख दिसत नाही, पण तिथी दिसते. तुम्ही हुशारीने मराठी कॅलेंडर काढता आणि ज्येष्ठ वद्य चतुर्थी शोधता. तिची संकष्टी सापडते १४ जून २०२५ ला. लग्न आहे १६ मे ला. चार आठवड्यांचा फरक पडला, आणि पत्रिकेत छपाईची एकही चूक नाही!

याचं कारण साधं आहे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतीय पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, पण वद्य पक्षात हिंदी पत्रिका एक महिना पुढचं नाव लावते. आपला वैशाख वद्य म्हणजे त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. म्हणून हिंदी पत्रिकेत "कृष्ण पक्ष" दिसला की मराठी कॅलेंडरवर एक महिना मागे जायचं. शुक्ल पक्ष असेल तर काहीच करायचं नाही.

चूक पकडायची कशी? वारावरून. १४ जून २०२५ ला शनिवार होता आणि पत्रिका शुक्रवार म्हणते. तिथेच थांबायचं. तारखेत एखादा आकडा हुकला तरी फोटोत ते कळत नाही, पण वार हा अख्खा शब्द आहे, तो सहसा चुकीचा वाचला जात नाही. म्हणून मी वाराला सगळ्यात जास्त मान देतो. गुगल शीटमध्ये बुकिंग लिहीत असाल तर वार हाताने टाइप करू नका, तारखेवरून काढा:

```
=TEXT(DATE(2025,5,16),"dddd")
```

उत्तर Friday येतं. पत्रिकेवर शुक्रवार आहे, जुळलं. नाही जुळलं तर फोन.

तिथीबाबत मात्र थोडी सूट द्या. तिथी रात्री बाराला बदलत नाही, दिवसात कधीही बदलते. कॅलेंडरवर साधारणपणे सूर्योदयाची तिथी छापतात, पत्रिकेवर काही गुरुजी मुहूर्ताच्या वेळची लिहितात. एका तिथीचा फरक दिसला तर घाबरायचं कारण नाही. वार चुकला किंवा पक्ष चुकला तर मात्र नक्की कुठेतरी गडबड आहे.

तिथी बघण्याचा एक वेगळा फायदा केटरिंगवाल्यांना. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. १६ मे ला संकष्टीच होती. पाहुण्यांमध्ये उपासवाले असणार, साबुदाणा खिचडीचा काउंटर लावायचा का, हे तुम्ही आधी विचारलंत तर तो वेगळा रेट लावता येतो. यजमानाला हे ऐनवेळी आठवतं, तेव्हा तुमच्याकडे साबुदाणा भिजवायलाही वेळ नसतो.

आता आकडे. पत्रिका वाचायला गुगल लेन्स जरूर वापरा, मीही वापरतो. नावं-पत्ते पुन्हा टाइप करण्याचा त्रास वाचतो. पण आकडे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. एकाच पत्रिकेत दोन्ही प्रकारचे आकडे असले आणि फाँट वळणदार असला की मशीनही फसतं, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेला आपला काउंटरवरचा मुलगाही फसतो. दुसरी खोड मात्रेची. "सा. ६ वा." मधला काना फोटोत उडाला की उरतं "स. ६ वा.", म्हणजे सायंकाळची सकाळ झाली. हळद दोन्ही वेळेला असू शकते, त्यामुळे नुसत्या तर्काने हे सुटत नाही, विचारावंच लागतं.

ग्राहकाकडे पीडीएफ असेल तर मागून घ्या, फॉइलची चमक टळते. पण त्यातला मजकूर कॉपी केला की बऱ्याचदा अगम्य अक्षरं येतात. पत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये बनवलेली असते, म्हणून असं होतं. फाइल खराब नसते. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तोच वाचा. फोटोच मागायचा असेल तर फ्लॅश बंद करून, खिडकीजवळ, सगळी पानं वेगवेगळी आणि सोबत पाकीट असं स्पष्ट सांगा.

सगळ्यात महाग पडणारी जागा अजून पुढेच आहे. हिंदी पानावरचा कार्यक्रम बघा: "बारात प्रस्थान सायं ७ बजे, प्रीतिभोज रात्रि ८ बजे से, जयमाला रात्रि ९ बजे, पाणिग्रहण रात्रि १.१५ बजे, विदाई प्रातः". वर एकच तारीख, १६ मे.

पाणिग्रहण कधी आहे? पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, म्हणून पत्रिकेच्या हिशेबाने ते १६ तारखेलाच आहे. तुमच्या मोबाइलच्या हिशेबाने तो शनिवार १७ मे, पहाटेचे सव्वा. हे जर कॅलेंडर ॲपमध्ये "१६ मे, १.१५" असं टाकलंत तर ॲप तुम्हाला एक अख्खा दिवस आधी उठवेल. किंवा उलटं, दुपारचे सव्वा समजून माल दुपारीच पोचवाल. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बांधलेला मोगरा पहाटे सव्वापर्यंत काळा पडलेला असतो. त्या मंडपाची फुलं आम्ही संध्याकाळनंतर लावतो, आणि फेऱ्यांचे हार ओल्या कापडात, बर्फाच्या पेटीत वेगळे ठेवतो. मजुरांची पाळीही दोन दिवसांत विभागली जाते. रेट सांगताना हे धरलं नसेल तर रात्रीचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

"बारात प्रस्थान ७ बजे" ही निघण्याची वेळ आहे, पोचण्याची नाही. वरात जनवाशातून निघते, म्हणजे जिथे वऱ्हाड उतरलंय तिथून. गाडी सजवायचं काम तुमच्याकडे असेल तर फुलं सातच्या आधी जनवाशावर लागतात, लॉनवर नाही. जनवाशाचा पत्ता पत्रिकेवर बहुतेक वेळा नसतोच.

पत्त्यांचा गोंधळ तर विचारू नका. आपल्या नमुन्यात तीन पत्ते आहेत. सगळ्यात ठळक छापलेला आहे निमंत्रकांच्या दुकानाचा, "प्रतिष्ठान" म्हणून. त्याखाली घरचा. विवाहस्थळ मधल्या पानावर, बारीक अक्षरात, वर्धा रोडवरचं एक लॉन. फोटोत सहसा ठळकच वाचलं जातं. मराठी बाजूची हळद गुरुवारी १५ तारखेला "राहत्या घरी" आहे. कुणाच्या घरी? ही पत्रिका मुलीकडची, म्हणून मुलीच्या. मुलाकडची हळद त्यांच्या पत्रिकेत, वेगळ्या घरी, कदाचित वेगळ्या वेळी. म्हणून पत्रिका आली की माझा पहिला प्रश्न: "ही कुणाकडची?" इंग्रजी कार्डावरचं रिसेप्शन १७ ला संध्याकाळी सातला, म्हणजे विदाईची गाडी पहाटे सजवून तीच टीम त्याच संध्याकाळी पुन्हा उभी राहणार.

हे सगळं काढून झालं की मी ग्राहकाला पत्रिका परत पाठवत नाही, माझ्या शब्दांत मेसेज पाठवतो:

"काका, आमच्याकडे असं लिहिलंय. हळद गुरुवार १५ मे, सायंकाळी ५, तुमच्या घरी. जयमाला शुक्रवार १६ मे, रात्री ९, लॉनवर. फेरे १६ ची रात्र उलटून, म्हणजे शनिवार १७ मे, पहाटे १.१५. विदाईची गाडी पहाटे ४ पर्यंत तयार ठेवू. वरात कुठून निघणार आणि लॉन आमच्या ताब्यात किती वाजता मिळणार, तेवढं सांगा. बरोबर असेल तर 'हो' लिहा."

"इतकं विचारलं तर ग्राहकाला वाटेल आपण नवखे आहोत," अशी शंका नव्या मंडळींना येते. माझा अनुभव उलटा आहे. मुलीचे वडील हा मेसेज वाचून बहुतेक वेळा पुढे पाठवतात, मामांना, बँडवाल्याला, कधी गुरुजींनाही. शेवटचे दोन प्रश्न पत्रिकेत कधीच नसतात. लॉनचा ताबा दुपारी चारला मिळणार असेल आणि सकाळी दुसरं लग्न असेल, तर तुमच्या हातात जयमालेआधी पाच तास आहेत. त्यावरच माणसं किती लावायची ते ठरतं.

"हो" आलं की ॲडव्हान्स घ्या. फोनवर तोंडी "हो" म्हणाले तर विनंती करून तेच लिहून घ्या. लग्नाच्या दोन दिवस आधी हाच मेसेज पुन्हा पाठवा, कारण पत्रिका छापून झाल्यावर मुहूर्त बदलला तर घरचे नवीन पत्रिका छापत नाहीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक ओळ टाकतात, आणि त्या ग्रुपमध्ये तुम्ही नसता.