चिकटण्याइतकेच सुटणेही महत्त्वाचे

छतावर उलटी धावणारी पाल पाहिली की तिच्या पायाला डिंकासारखे काहीतरी असावे, असे अनेकांना वाटते. काहींच्या मते तिची बोटे हवा शोषून भिंत धरतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पालीच्या पायात चिकट द्रव पाझरणाऱ्या ग्रंथी नसतात आणि निर्वात जागेतही तिची पकड टिकते.

याचा सर्वाधिक अभ्यास झाला तो ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात आढळणाऱ्या ‘टोके’ या मोठ्या पालीवर. तिच्या प्रत्येक पावलावर सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केसाला टोकाशी शेकडो फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा पळीसारखा चपटा असतो. ही टोके भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन्हींच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण निर्माण होते. यालाच व्हॅन डर वाल्स बल म्हणतात.

केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि सहकाऱ्यांनी २००० साली एका केसाचे बल मोजले. ते जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम वजन पेलण्याइतके भरले. चार पावलांवरचे २० लाख केस एकाच वेळी पूर्ण ताकदीने लागले, तर हिशेब ४० किलोवर जातो. पालीचे स्वतःचे वजन मात्र शे-दोनशे ग्रॅम.

मग ती पाऊल उचलते कसे? खरे कौशल्य इथेच आहे. केस किंचित दाबून आपल्याकडे ओढला की चिकटतो. भिंतीशी त्याचा कोन सुमारे ३० अंशांपर्यंत वाढला की आपोआप सुटतो. म्हणून पाल बोटे टोकाकडून वर वळवत सोलल्यासारखी काढते. या क्रियेला सेकंदाचा अगदी छोटा अंश लागतो.

दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे नेमके उलटे आहे. ती घट्ट बसते. पण काढताना वृद्धांची किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांची नाजूक त्वचाही सोलून निघते. पालीची नक्कल करणाऱ्या पट्ट्यांचे कौतुक होते ते बहुधा त्या किती वजन पेलतात यावरून. रुग्णाच्या दृष्टीने हा निकष अपुरा आहे.

अर्थात, नक्कल सोपी नाही. कृत्रिम केस एकमेकांना चिकटून गुंता होतो. ओल्या शरीरावर कोरडी पकड पुरेशी ठरत नाही, म्हणून अशा एका वैद्यकीय पट्टीवर संशोधकांना गोंदाचा पातळ थर द्यावा लागला. कोरड्या टेफ्लॉनवर तर खुद्द पालही घसरते. तरीही चिकटपट्टीची परीक्षा घेताना ती किती धरते याच्या जोडीला ती न दुखवता किती सहज सुटते, हेही मोजले गेले पाहिजे.