विश्लेषण : शून्य व्याजाचे रोखे कोण घेतं आणि का? ‘बाँड फ्लोअर’ किती भक्कम असतो?

कंपनीने कर्ज घ्यायचं आणि त्यावर एक पैसाही व्याज द्यायचं नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण बिटकॉइन साठवणाऱ्या अमेरिकेतील मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये असे ३०० कोटी डॉलरचे रोखे विकले. व्याज शून्य, मुदत डिसेंबर २०२९ पर्यंत. घेणारे भोळे नव्हते. हे कन्व्हर्टिबल, म्हणजे परिवर्तनीय रोखे होते. मुदत संपल्यावर मुद्दल परत मिळणार, पण शेअर खूप वधारला तर मुद्दलाऐवजी शेअर पदरात पाडून घेता येणार.

कन्व्हर्जन व्हॅल्यू आणि प्रीमियम म्हणजे काय?

१,००० डॉलरच्या प्रत्येक रोख्यामागे १.४८७२ शेअर मिळतील, असं ठरलं होतं. विक्रीच्या वेळी शेअरचा भाव होता सुमारे ४३३.८० डॉलर. दोन्हींचा गुणाकार केला की ६४५ डॉलर येतात. रोखा आज शेअरमध्ये बदलला तर हातात काय येईल, ते सांगणारा हा आकडा म्हणजे कन्व्हर्जन व्हॅल्यू.

पण गुंतवणूकदाराने मोजले १,००० डॉलर, म्हणजे ३५५ डॉलर जास्त. हे ३५५ म्हणजे ६४५ चे ५५ टक्के. हाच कन्व्हर्जन प्रीमियम. शेअर साधारण ६७२ डॉलरच्या वर गेला, तरच रूपांतर फायद्याचं.

हा आकडा मोठा दिसला की अनेकांना ती जमेची बाजू वाटते. तसं नाही. समजा शेअर २०० डॉलरवर घसरला आणि रोखा बाजारात ७०० ला विकला जातोय. कन्व्हर्जन व्हॅल्यू उरली २९७ डॉलर आणि प्रीमियम झाला १३५ टक्के. याचा अर्थ एवढाच, की रोख्याचं शेअरशी असलेलं नातं जवळपास तुटलं. आता तो साध्या कर्जासारखा वागणार.

मग ७०० तरी कोण देतं?

इथे बाँड फ्लोअर येतो. रूपांतराचा हक्क विसरा. २०२९ मध्ये १,००० डॉलर देण्याचं नुसतं वचन आज कितीला घ्याल? अशा कंपनीला साध्या कर्जावर वर्षाला ८ टक्के व्याज द्यावं लागलं असतं असं धरू. हा दर आपला, हिशेबापुरता. पाच वर्षांनंतरच्या १,००० डॉलरची आजची किंमत निघते सुमारे ६८१ डॉलर. हा झाला फ्लोअर. (या रोख्यात मुदतीआधी पैसे परत मागण्याची सोयही आहे. ती धरली तर तो आणखी वर जातो.)

आता ‘शून्य व्याजा’चं कोडं सुटतं. १,००० मधून ६८१ वजा केले की उरलेले ३१९ डॉलर ही रूपांतराच्या हक्काची किंमत. व्याज माफ झालेलं नाही; गुंतवणूकदाराने ते सोडून त्याबदल्यात हा हक्क विकत घेतला.

फ्लोअरखाली भाव जातो का?

जातो. किंबहुना फ्लोअरच खाली सरकतो. वरच्या हिशेबात ८ ऐवजी १२ टक्के घाला, ६८१ चे ५६७ होतात. आणि शेअर कोसळतो तेव्हा अनेकदा कंपनीची पतही ढासळते, कर्ज महागतं. म्हणजे आधार लागतो नेमका तेव्हाच तो खचतो. ‘शेअर पडला तरी मुद्दल सुरक्षित’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन एनर्जीने २००७ मध्ये परदेशी चलनात परिवर्तनीय रोखे काढले. जानेवारी २००८ मध्ये शेअर ४०० रुपयांच्या वर होता. पुढे जागतिक मंदी आली, कर्जाचा डोंगर वाढला. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुदत संपली तेव्हा शेअर २० रुपयांच्याही खाली होता, रूपांतराच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. रूपांतर करण्यात काहीच अर्थ नव्हता. सगळे रोख पैसे मागणार, हे उघड होतं. कंपनीने चार महिन्यांची मुदतवाढ मागितली, रोखेधारकांनी ती नाकारली आणि २० कोटी ९० लाख डॉलरची परतफेड थकली. त्यात २००७ मध्ये चाळिशीत असलेला डॉलर तोवर पन्नाशी ओलांडून गेला होता. म्हणजे तेच कर्ज फेडायला रुपये जास्त लागणार होते.

परदेशी चलनातले हे रोखे सामान्य गुंतवणूकदाराच्या हाती सहसा येत नाहीत. पण त्याच कंपनीचे शेअर तुमच्या डीमॅट खात्यात असू शकतात. वार्षिक अहवालात कर्जाच्या टिपांमध्ये रूपांतराची किंमत आणि परतफेडीची तारीख दिलेली असते. शेअरचा भाव त्या किमतीच्या बराच खाली असेल आणि तारीख जवळ आली असेल, तर ताळेबंदात रोख रक्कम किती आहे, ते आधी बघा.