नागीण : पहिले तीन दिवस, पाण्याचा पेला आणि मागे उरणारी कळ

नागिणीचे दोन्ही तोंड एकमेकांस मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत आजही अनेक घरांत ऐकू येते. वास्तविक नागीण ही बहुधा एका मज्जातंतूच्या पट्ट्यापुरती, शरीराच्या एकाच बाजूस उमटते आणि मध्यरेषेपाशी थांबते. त्यामुळे वेटोळे पूर्ण होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र ते पूर्ण होत नाही ना, हे पाहत चार दिवस गेरूचा लेप लावीत बसणे खरोखर महागात पडते. कारण या आजारात औषधाचा काळ फार थोडा असतो.

बालपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि वयपरत्वे प्रतिकारशक्ती उणावली की त्याच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही गोळी विषाणूस मारीत नाही, त्याची वाढ रोखते. म्हणून वाढ जोरात असताना, म्हणजे पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू झाली तर तिचा लाभ सर्वाधिक होतो. हे तास मोजायचे ते पहिली पुटकुळी दिसल्यापासून, दुखणे सुरू झाल्यापासून नव्हे. मुदत उलटली असली तरी नवे फोड येतच असतील किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर गोळी द्यावीच लागते. तेव्हा ‘आता उशीर झाला’ असे घरच्या घरी ठरवू नये. कपाळावर, पापणीवर वा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्यास धोका असतो. कानाजवळ फोड येऊन चेहरा वाकडा झाला तरी तसेच. अशा वेळी तासही दवडू नये.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. वय ७६, वजन ४५ किलो, रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू, अशा एका आजींना रविवारी रात्री उजव्या खवाट्याखाली आग होऊ लागली. उसण भरली असे समजून बाम चोळला गेला. दुखणे थांबेना म्हणून सोमवारी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आल्या. मंगळवारी सकाळी पाठीपासून छातीकडे जाणारा पुटकुळ्यांचा पट्टा दिसला आणि बुधवारी संध्याकाळी सूनबाई त्यांना दवाखान्यात घेऊन आल्या. वेळ हातची गेली नव्हती. तरीही नेहमीची मात्रा, म्हणजे असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस, मी लिहून दिली नाही. आधी क्रिएटिनिन तपासले. ते १.४ निघाले.

हा आकडा पाहून ‘थोडेसेच वाढले आहे’ असे वाटणे साहजिक आहे. परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून येते, आणि कृश वृद्धेच्या अंगात स्नायूच कमी असतात. म्हणून वय, वजन आणि क्रिएटिनिन यांची सांगड घालून हिशेब करावा लागतो : १४० मधून ७६ वजा केले, उरले ६४. त्यास वजनाने, म्हणजे ४५ने गुणून ७२ गुणिले १.४ने भागले आणि स्त्री म्हणून ०.८५ने गुणले. उत्तर आले सुमारे २४. म्हणजे त्यांची मूत्रपिंडे मिनिटाला जेमतेम २४ मिलिलिटर रक्त स्वच्छ करीत होती. ही संख्या २५च्या खाली असली की असायक्लोव्हिरच्या त्याच गोळ्या पाचऐवजी तीनच वेळा, आठ आठ तासांनी देतात. व्हॅलासायक्लोव्हिरची मात्रा तर ५०च्या खालीच कमी करावी लागते. शेजारच्या काकांची चिठ्ठी आपल्या आजींना का चालत नाही, याचे उत्तर या गणितात आहे.

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. अंगात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत त्याचे स्फटिक साचून वाट अडू शकते. शिरेतून दिलेल्या औषधापेक्षा गोळ्यांत हा धोका पुष्कळ कमी. पण वय, अपुरे पाणी, लघवी वाढविणारी गोळी आणि वर डायक्लोफिनॅक असा मेळ जुळला की तो उपेक्षणीय राहत नाही. आजींचे डायक्लोफिनॅक प्रथम बंद केले आणि वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिले. रक्तदाबाच्या गोळीचा निर्णय दाब मोजून केला. अशी गोळी कोणी आपल्या मनाने सोडू नये.

पाण्याविषयी विचारले तेव्हा खरी गोष्ट कळली. रात्री उठावे लागू नये म्हणून त्या दिवसभरात तीन-चार पेलेच पाणी पीत. ही सवय अनेक वृद्धांना असते आणि त्या भीतीला कारणही असते, कारण अंधारात पाय घसरतो. म्हणून आम्ही असे ठरविले : २०० मिलिलिटरचे आठ पेले, त्यांतले सहा संध्याकाळी सहाच्या आत. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या गोळीच्या वेळी पूर्ण पेला. ताक, पेज, वरणाचे पाणीही हिशेबात. लघवीचा रंग फिकट राहिला की पुरेसे पाणी जात आहे असे समजावे. ज्यांना हृदयविकारामुळे अथवा डायलिसिसमुळे पाण्याचे बंधन आहे, त्यांनी मात्र हे माप न घेता डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच पाळावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, नसलेली माणसे तिला दिसू लागली, जीभ जड झाली वा हात झटके देऊ लागले, तर ‘वयामुळे भ्रम झाला’ असे म्हणू नये. अंगात औषध साठल्याचे ते लक्षण असू शकते. लघवी एकाएकी कमी होणे, कुशीत दुखणे, सतत उलट्या होणे हेही तसेच. पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे आणि त्याच दिवशी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. आजींचे चौथ्या दिवशी तपासले. ते वाढले नव्हते.

सात दिवस संपले, दहाव्या दिवशी खपल्या धरल्या आणि घरच्यांना आजार संपला असे वाटले. पाचव्या आठवड्यात आजी पुन्हा आल्या. त्वचा बरी, पण ब्लाउजचा काठ लागला तरी विजेसारखी कळ उठत होती. फोड गेल्यावर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी अशी वेदना म्हणजे विषाणूने दुखावलेल्या तंतूचे दुखणे होय. वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी सुरुवातीचे दुखणे लवकर ओसरते. मागाहूनची कळ टळेलच, अशी हमी मात्र देता येत नाही. या टप्प्यावर विषाणूची गोळी पुन्हा घेऊन काही उपयोग नाही आणि नुसत्या पॅरासिटामॉलनेही भागत नाही. गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन किंवा सुन्न करणारी लिडोकेनची पट्टी, यांतून रुग्ण पाहून निवड करावी लागते. गॅबापेंटिनही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, त्यामुळे आजींना रात्री १०० मिलिग्रॅमनेच सुरुवात केली. ते हळूहळू वाढवितात, हळूहळूच कमी करतात, आणि पहिल्या रात्री गुंगी येऊन तोल जातो म्हणून स्नानगृहाचा दिवा चालू ठेवावा. अमिट्रिप्टिलिन काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास वा हृदयाचे अनियमित ठोके असणाऱ्यांना सहसा देत नाहीत.

आपल्या घरी नागीण होऊन गेली असेल तर गोळ्या संपल्यावर, एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी दाखवून यावे. जाताना एक वही न्यावी. तीत रोजची वेदना शून्य ते दहा या मापाने, झोप किती झाली आणि कशाचा स्पर्श सहन होत नाही, एवढेच लिहिलेले असावे. तेवढ्यावरून औषध वाढवावे की उतरवावे, हे डॉक्टरांस ठरविता येते.